उरल कुठे जोडायचा?

डावीकडे नाईल, अँडीज, गोबी, मरे. उजवीकडे आफ्रिका, दक्षिण अमेरिका, आशिया, ऑस्ट्रेलिया. सहावीतली मुलं अशा जोड्या पटापट जुळवतात, पण त्यात एक पळवाट असते. चारांपैकी तीन जमल्या की चौथी आपोआप जुळते, मग मरे नदीचं नाव आधी ऐकलेलं नसलं तरी चालतं.

त्यावर उपाय सोपा आहे. डावीकडे अटाकामा वाळवंट वाढवायचं. आता दक्षिण अमेरिकेकडे दोन रेषा जायला हव्यात. बरीच मुलं मात्र वाळवंट म्हटलं की थेट आफ्रिका गाठतात. अशा वेळी नकाशा उघडावा. अटाकामा चिलीत, अँडीजच्या पश्चिमेला आहे. पूर्वेकडचे बाष्पयुक्त वारे हा पर्वत अडवतो आणि किनाऱ्यालगतचा थंड सागरी प्रवाह पाऊस पडू देत नाही. पर्वत आणि वाळवंट एकाच खंडात का, हे एकदा कळलं की ती जोडी पाठ करावी लागत नाही.

खरी गंमत उरल पर्वताची. तो युरोप आणि आशियाच्या सीमेवरच उभा असल्याने एक रेषा पुरत नाही. प्रश्नपत्रिकेत मात्र त्याला एकच खंड देतात, आणि दुसरा खंड लिहिणाऱ्या मुलाचा गुण विनाकारण जातो.