पाच जणांच्या विभागाचा आलेख

वार्षिक पगारवाढीच्या आधी बऱ्याच कंपन्यांत एक तक्ता फिरतो. कुठल्या विभागात कोणाला किती मिळतं आणि एका विभागाचं दुसऱ्याशी कितपत जुळतं, हे व्यवस्थापनाला एका नजरेत पाहायचं असतं. शेकडो आकडे वाचायला कोणाला वेळ नसतो, म्हणून एचआरमधला कोणीतरी आलेख काढतो. त्यासाठी बहुधा दोनच आकृत्या समोर येतात, बॉक्स प्लॉट आणि व्हायोलिन प्लॉट. दोन्ही एकाच कामाच्या वाटतात. विभाग मोठा असेल तर दोन्ही चालतातही. विभागात पाच-सहाच माणसं असली, की दोन्ही फसतात, आणि गंमत म्हणजे दोन्ही अगदी उलट दिशांनी फसतात.

बॉक्स प्लॉट आजच्या रूपात रुजवला तो अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांनी, 1970च्या दशकात. संगणकाशिवाय, कागद-पेन्सिलीनं काढता यावी अशी ही आकृती. विभागातले पगार लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडायचे. बरोबर मधला पगार म्हणजे मध्यक, तिथे रेघ. खालून पाव आणि वरून पाव माणसं सोडली की उरलेल्या मधल्या निम्म्यांभोवती चौकट. चौकटीतून वर-खाली निघणाऱ्या रेषांना मिशा म्हणतात. चौकटीच्या उंचीच्या दीडपटीपर्यंत जो शेवटचा खरा पगार सापडेल, तिथे मिशी थांबते. त्याहून लांबचे पगार सुटे ठिपके म्हणून दिसतात.

मध्यकाशी आपली ओळख नवी नाही. 2013च्या कंपनी कायद्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला प्रत्येक संचालकाचं मानधन कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाच्या किती पट आहे, हे जाहीर करावं लागतं. एका बड्या साहेबाच्या पगारानं सरासरी फुगते. मध्यक सहसा जागचा फारसा हलत नाही.

पण मध्यकाला पोटातली फूट दिसत नाही. समजा, चाकणच्या एका काल्पनिक कारखान्यात विक्री विभागात 40 जण आहेत. त्यातले 20 फिरतीचे विक्रेते 25 ते 32 हजार कमावतात, उरलेले 20 मोठ्या ग्राहकांचे व्यवस्थापक 70 ते 85 हजार. मध्यक निघतो 51 हजार, आणि 51 हजार पगार एकालाही नाही! चौकट साधारण 28 पासून 77 हजारांपर्यंत सलग रंगवलेली दिसते. बघणाऱ्याला वाटतं, बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतील. प्रत्यक्षात मध्यभाग ओसाड आहे.

हे केवळ कागदावरचं उदाहरण नाही. अमेरिकेत कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुण वकिलांच्या पहिल्या पगाराची आकडेवारी तिथली एनएएलपी ही संस्था गोळा करते. 2000 नंतरच्या दशकात त्या आलेखाला स्पष्ट दोन शिखरं आली. एक 40 ते 60 हजार डॉलरच्या आसपास, दुसरं बड्या फर्मच्या ठरलेल्या पगारावर, जो 2007 मध्ये 1 लाख 60 हजार डॉलर झाला. सरासरी मात्र दोन शिखरांच्या मधल्या दरीत पडायची, जिथला पगार फार थोड्यांच्या हाती पडत होता.

अशी दरी दाखवायला व्हायोलिन प्लॉट उपयोगी पडतो. जेरी हिंट्झी आणि रे नेल्सन यांनी तो 1998 मध्ये मांडला. प्रत्येक पगाराच्या जागी धान्याची एक छोटी रास ओतली अशी कल्पना करावी. जिथे पगार जवळजवळ आहेत तिथे राशी एकमेकींत मिसळून उंच ढीग होतो, जिथे कोणीच नाही तिथे जमीन उघडी राहते. या ढिगाची कड उभी करून आरशात धरल्यासारखी दोन्ही बाजूंना काढली की व्हायोलिनचा आकार होतो. आपल्या विक्री विभागाला खाली एक फुगवटा, वर एक फुगवटा आणि मधे अरुंद कंबर येते. दोन वेगळे गट एका नजरेत कळतात.

सगळा खेळ आहे तो रास किती पसरट ओतायची यावर. पसरटपणा जास्त ठेवला तर दोन शिखरं एक होतात. कमी ठेवला तर प्रत्येक माणसाचा वेगळा उंचवटा होतो. विभागात 120 माणसं असतील तर या निवडीनं चित्र फारसं बदलत नाही. पाच असतील तर पसरटपणा म्हणजेच चित्र.

त्याच कारखान्याचा हिशेब विभाग घेऊ. माणसं पाच. मासिक पगार 28, 32, 36, 44 आणि 90 हजार. शेवटचा अर्थातच विभागप्रमुखांचा.

आधी बॉक्स. पाच आकड्यांचा मध्यक तिसरा, म्हणजे 36. पाव आणि पाऊण हिश्शाच्या रेघा प्रचलित पद्धतीनं बरोबर दुसऱ्या आणि चौथ्या माणसावर येतात, म्हणजे 32 आणि 44. खालची मिशी 28 वर थांबते. चौकटीची उंची 12, तिची दीडपट 18. म्हणजे 62 च्या वर जे असेल ते ठिपका. 90 ठिपका होतो. आता आकृतीकडे पाहा. मिशीचं टोक, चौकटीच्या दोन कडा, मधली रेघ, वरचा ठिपका. पाच खुणा, पाच माणसं, पाच पगार. नावं तेवढी लिहिलेली नाहीत, पण हिशेब विभागात कोण ज्येष्ठ आणि कोण गेल्या वर्षी लागलं हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक असतं. आलेख काढणाऱ्याला वाटतं आपण सारांश दिला. दिली आहे ती पगारपत्रकाची प्रत.

पाच हा आकडा मुद्दाम निवडलेला नाही असं नाही. 5, 9, 13 अशा संख्यांना पाव हिश्शाच्या रेघा नेमक्या कोणाच्या तरी पगारावर पडतात. सहा किंवा सात जण असले तर त्या दोन शेजाऱ्यांच्या मधे कुठेतरी येतात. मात्र मध्यक, मिशांची टोकं किंवा ठिपके यांतून काही खरे पगार तेव्हाही बाहेर पडतातच.

आता व्हायोलिन. पायथनमध्ये `seaborn` वापरून काहीही न बदलता तो काढला, तर पसरटपणा विभागातल्या पगारांच्या प्रमाणित विचलनावरून ठरतो. इथे तो सुमारे 18 हजार येतो. शिवाय ही आकृती शेवटच्या पगारापाशी थांबत नाही. `cut=2` या मूळ सेटिंगमुळे ती दोन्ही टोकांना पसरटपणाच्या दुप्पट पुढे जाते. 28 हजारांच्या खाली 37 हजार उतरलं की आपण शून्याच्याही खाली सुमारे 9 हजारांवर पोचतो. हिशेब विभागात उणे पगार! वरचं टोक सुमारे 1 लाख 27 हजारांवर, जे त्या विभागात कोणालाच मिळत नाही. आणि 90 हजारवाल्या प्रमुखांचा वेगळा फुगवटा उमटतच नाही. एक मोठं पोट आणि वर निमुळती होत गेलेली मान, एवढंच दिसतं.

हेच पाच आकडे आर भाषेतल्या `ggplot2` ला दिले तर वेगळंच घडतं. तिथला नियम चौकटीची उंचीही बघतो, त्यामुळे एकट्या 90 हजारांनी तो फुगत नाही. पसरटपणा जेमतेम 6 हजार येतो. चित्रात खाली एक गोळा, वर एक गोळा आणि मधे केसाएवढी कंबर. टोकंही मूळ सेटिंगनुसार 28 आणि 90 वर कापलेली, म्हणजे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पगार पुन्हा उघड. माणसं तीच, पगार तेच. एका आलेखात विभाग एकसंध आणि दुसऱ्यात दुभंगलेला. दोन गट दिसले म्हणून कोणी अन्यायाचा निष्कर्ष काढला, तर तो उभा असेल एका माणसावर आणि एका न पाहिलेल्या सेटिंगवर.

आणखी एक फसवणूक रुंदीची. सर्व व्हायोलिनांचं क्षेत्रफळ सारखं ठेवणं ही दोन्ही साधनांची मूळ सवय आहे. त्यामुळे 120 जणांचा उत्पादन विभाग आणि पाच जणांचा हिशेब विभाग कागदावर तोलामोलाचे दिसतात. `seaborn` मध्ये `density_norm="count"` दिलं की माणसांच्या संख्येनुसार आकार बदलतो आणि हिशेब विभाग एक बारीक काडी होऊन बसतो. बॉक्स प्लॉटमध्येही संख्येनुसार चौकटीची रुंदी बदलण्याची सोय आहे. तेही जमत नसेल तर विभागाच्या नावाखाली माणसांची संख्या छापावी.

लहान गट फार चंचलही असतो. आपल्या हिशेब विभागाचे प्रमुख निवृत्त झाले आणि त्यांची जागा रिकामी राहिली, तर सरासरी 46 हजारांवरून 35 वर घसरते आणि व्हायोलिनचं वरचं टोक 1 लाख 27 हजारांवरून 54 हजारांवर येतं. पुढच्या वर्षीच्या बैठकीत हा ‘वेतनातला बदल’ म्हणून चर्चेला येऊ शकतो. प्रत्यक्षात उरलेल्या चौघांच्या पगारात एक रुपयाचा फरक पडलेला नसतो. मध्यक 36 वरून 34 वर आला, एवढंच.

मग लहान विभागाचं करायचं काय? हे आलेख कोण बघणार यावर ते ठरतं. पगार बघण्याचा अधिकार असलेल्या दोन-तीन जणांसाठी असेल, तर आकृतीच नको. पाच ठिपके सरळ मांडावेत. ते काही लपवत नाहीत आणि काही कल्पूनही सांगत नाहीत. आलेख सगळ्या कर्मचाऱ्यांपुढे जाणार असेल, तर ठरावीक संख्येखालचे गट दाखवायचेच नाहीत. ही मर्यादा काही ठिकाणी कायद्यातच आहे. जर्मनीच्या 2017च्या वेतन-पारदर्शकता कायद्यानुसार कर्मचारी आपल्यासारखं काम करणाऱ्या दुसऱ्या लिंगाच्या सहकाऱ्यांचं मध्यक वेतन विचारू शकतो, पण असे सहकारी सहापेक्षा कमी असतील तर तो आकडा दिला जात नाही. आपल्याकडे सरकारी कार्यालयांचा प्रश्न निराळा आहे, कारण माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याचं मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करायचं असतं. खाजगी कंपनीत तसं बंधन नाही, आणि पगार गुप्त राहील असं गृहीत धरूनच माणसं तिथे वावरतात.

नुसता गट वगळणंही पुरत नाही. कारखान्याच्या सर्व 165 जणांची सरासरी छापली, उत्पादन आणि विक्रीचीही छापली आणि हिशेब विभागापुढे फक्त ‘माहिती नाही’ लिहिलं, तर कोणीही गुणाकार-वजाबाकी करून त्या पाच जणांची बेरीज काढू शकतो. त्यातल्या चौघांनी आपसात पगार सांगितले की प्रमुखांचाही कळतो. म्हणून हिशेब, भांडार आणि कार्यालयीन कर्मचारी असे लहान गट एकत्र करून ‘सहायक विभाग’ असा एकच गट करणं बरं. तो एकत्र गट पुरेसा मोठा झाला तरच बॉक्स काढावा, आणि त्यात दोन शिखरं असल्याचा संशय असेल तेव्हाच व्हायोलिन. व्हायोलिन काढलाच तर दोनदा काढून बघावा, एकदा पसरटपणा निम्मा करून आणि एकदा दुप्पट करून. तिन्ही चित्रांत टिकून राहणारी कंबरच खरी धरावी.