निर्व्यसनी घरातील फुप्फुसाचा कर्करोग

बावन्न वर्षांच्या एका श्राविकेचा खोकला तीन महिने थांबेना. एक्स-रेमध्ये फुप्फुसावर डाग दिसला. थुंकीत क्षयाचे जंतू आढळले नव्हते, तरीही क्षयाची औषधे सुरू झाली. दोन महिन्यांनंतरही डाग कमी न होता वाढलाच, तेव्हा सीटी स्कॅन आणि डागातील तुकडा काढून तपासणी झाली. निदान निघाले फुप्फुसाच्या कर्करोगाचे. आपल्याकडे क्षय इतका सर्वत्र आहे की अशी गल्लत वारंवार होते. जंतू न सापडणे आणि औषधांनी डाग न घटणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की तुकड्याची तपासणी लांबवू नये.

त्यानंतर प्रत्येक भेटणाऱ्याचा प्रश्न एकच होता, ''घरात कोणी ओढतं का?'' ज्या घरात तंबाखूला कधी थारा मिळाला नाही, तेथे हा प्रश्न आरोपासारखा बोचतो. कोणी पूर्वकर्माकडे बोट दाखविले. मुलीचे लग्न ठरावयाचे होते, म्हणून घरच्यांनी आजार 'छातीतील गाठ' एवढाच सांगितला.

धूम्रपानाविना हा रोग होतो, याचा मोठा पुरावा चीनच्या युनान प्रांतातील श्वानवेई येथे मिळाला. तेथील स्त्रिया क्वचितच धूम्रपान करीत, तरी त्यांच्यात या कर्करोगाचे प्रमाण देशात अतिशय वरचे होते. घरातील उघड्या चुलीत धुरकट कोळसा जळे आणि धुराला बाहेर जाण्यास वाट नसे. अनेक घरांनी धुराडे असलेल्या चुली बसविल्या. एकवीस हजारांहून अधिक शेतकऱ्यांची १९७६ ते १९९२ या काळातील माहिती तपासली असता, अशा घरांतील स्त्रियांत हा धोका सुमारे ४६ टक्क्यांनी आणि पुरुषांत ४१ टक्क्यांनी घटलेला दिसला. मात्र हा लाभ दिसण्यास दहा वर्षे लागली.

आपल्या घरांत आता गॅस आहे. तथापि सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकण्याच्या घाईत, किंवा दिवाळीच्या फराळासाठी, बंद स्वयंपाकघरात तेल धुरावेपर्यंत तापविले जाते. उच्च तापमानावरील तळणाच्या वाफा कर्करोगास संभाव्य कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने नोंदविल्या आहेत. तेल धुरावू न देणे आणि वाफ थेट बाहेर फेकणारा पंखा तळण्याआधीच सुरू करणे, एवढे सहज जमते. खडक व माती यांतून झिरपणारा रेडॉन हा वासरहित किरणोत्सारी वायूही एक कारण आहे; तो तळघरांत व तळमजल्यावरील कोंदट खोल्यांत साचतो.

या श्राविकेच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकातील बदल सापडला. धूम्रपान न करणाऱ्या रुग्णांत तो अधिक आढळतो आणि त्यावर रोज घ्यावयाच्या गोळ्या मिळतात. पसरलेला रोग त्यांनी समूळ जात नाही, काही काळाने गोळ्या निष्प्रभही ठरतात; पण मधला काळ अनेकदा चांगला जातो. ती पुन्हा सकाळी मंदिरात जाऊ लागली आहे. मुलीचे लग्न ठरले, तेव्हा वरपक्षाला आजाराचे नाव तिनेच सांगितले.