बाटली चुकली, पण माप मिळालं

गडद गव्हाळ ते सावळ्या, पिवळसर झाकेच्या त्वचेसाठी ऑनलाइन मागवलेलं फाउंडेशन बहुतेक वेळा दोनच तऱ्हांनी फसतं. एक तर चेहरा राख फासल्यासारखा पांढुरका दिसतो, नाहीतर दुपारपर्यंत नारिंगी होतो. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे उपायही वेगळे. बऱ्याच जणी मात्र दोन्ही वेळा एकच करतात, पुढच्या खेपेला एक शेड उजळ मागवतात. त्यातून पहिली चूक हमखास वाढते.

फाउंडेशनचा रंग मुख्यतः चार रंगद्रव्यांच्या मिश्रणातून तयार होतो. पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड, आणि आयर्न ऑक्साइडचे पिवळा, तांबडा व काळा असे तीन प्रकार. त्वचेपेक्षा फिकट शेड घेतली की तिच्यातलं पांढरं द्रव्य तपकिरी त्वचेवर राखाडी दिसतं. उलट, त्वचेइतकीच गडद शेडसुद्धा चुकू शकते, कारण तोच गडदपणा पिवळं जास्त घालूनही साधता येतो आणि तांबडं जास्त घालूनही. म्हणजे जुळवायच्या गोष्टी दोन असतात, एक गडदपणा आणि दुसरी झाक, म्हणजेच अंडरटोन. या दोन्ही वेगवेगळ्या तपासल्या तर न लावताही बऱ्यापैकी अचूक निवड करता येते.

अंडरटोन ओळखण्यासाठी मनगटाच्या शिरा बघा, हिरव्या दिसल्या तर वॉर्म आणि निळ्या दिसल्या तर कूल, असं सर्रास सांगितलं जातं. आपल्या त्वचेसाठी ही कसोटी मला निरुपयोगी वाटते. तपकिरी त्वचेतून पाहताना अनेकींच्या शिरा हिरवटच दिसतात, मग झाक पिवळी असो की तांबूस. त्यापेक्षा दिवसा खिडकीजवळ बसून, ऊन थेट अंगावर न घेता, गळ्याशी शुभ्र पांढरा सुती कपडा धरावा. वर भडक रंगाचा कुर्ता नको, त्याचा रंग हनुवटीवर उतरतो. पांढऱ्यापाशी मान सोनेरी-पिवळसर दिसली तर वॉर्म. पिवळ्याबरोबर किंचित हिरवट, मातकट छटा जाणवली तर ऑलिव्ह. आपल्याकडे ऑलिव्ह छटा बऱ्याच जणींची असते, आणि त्या स्वतःला वॉर्म समजून सोनेरी, मधाळ नावांच्या शेड घेतात. नारिंगीपणाचं हे एक मोठं कारण.

पाहायचं ते मानेकडे, गालाकडे नाही. अनेकींचं कपाळ आणि ओठांभोवतीची त्वचा गालापेक्षा गडद असते, त्यामुळे चेहऱ्यावरच्या एका जागेला जुळवलेली शेड दुसरीकडे उठून दिसते. हाताची आतली बाजू तर चेहऱ्याहून बरीच उजळ असते. दंडावर ओढलेल्या रेघांचे फोटो पाहून शेड ठरवू नये ती म्हणूनच.

आता मुख्य गोष्ट. घरात पडलेली चुकलेली बाटली फेकू नका. तिच्यातून आपल्याला जवळजवळ सगळं कळतं. लातूरला राहणारी माझी मावसबहीण फोनवर कुरकुरत होती. मी विचारलं, "लावल्या लावल्या नारिंगी दिसतं की नंतर?" ती म्हणाली, "लावताना छान बसतं गं ताई. ऑफिसात पोचले की मान वेगळी आणि तोंड वेगळं."

सुट्टीच्या दिवशी तिला एक चाचणी करायला सांगितली. नेहमीचं क्रीम लावून ते मुरू द्यायचं, मग जबड्याच्या कडेपासून मानेवर येईल अशी बोटभर रुंद रेघ ओढून हलकेच पसरायची. लगेच एक फोटो आणि दोन तासांनी दुसरा, दोन्ही त्याच खिडकीपाशी. फोटोत त्वचेशेजारी कोरा पांढरा कागद हवा आणि फोनचा ब्युटी मोड बंद हवा. फोटोत कागद पिवळा किंवा निळा आला तर त्या फोटोतल्या रंगावर विसंबायचं नाही. स्क्रीनला रात्रीची पिवळी छटा देणारी सेटिंग असते, तीही बंद करायची.

यानंतर दोन्ही फोटोंच्या प्रती फोनमध्येच कृष्णधवल करायच्या. रंग गेला की उरतो तो ढोबळमानाने गडदपणा. कृष्णधवल फोटोत रेघ त्वचेत मिसळून गेली तर गडदपणा बरोबर आहे आणि जे खटकतं ते झाकेचं. रेघ पांढरट दिसली तर शेड फिकट, काळपट दिसली तर गडद. हिच्या पहिल्या कृष्णधवल फोटोत रेघ शोधावी लागत होती. दुसऱ्यात ती थोडी गडद झाली होती, आणि रंगीत फोटोत स्पष्ट तांबूस.

याचा अर्थ असा की मूळ शेड गडदपणाला ठीक होती, पण वाळल्यावर बदलत होती. याला बोलताना ऑक्सिडाइज होणं म्हणतात. द्रवातला उडून जाणारा भाग निघून जातो, त्वचेचं तेल रंगद्रव्यांत मिसळतं आणि रंग गडद होतो. तेलकट त्वचेवर हे जास्त जाणवतं. तिने एक शेड उजळ घेतली असती तर सकाळी चेहरा राखाडी दिसला असता आणि दुपारी पुन्हा तांबूस. तिला हवी होती अर्धी पायरी फिकट आणि कमी तांबडी शेड, वर्णनात 'ऑलिव्ह' किंवा 'न्यूट्रल वॉर्म' लिहिलेली.

वर्णन वाचताना प्रत्येक ब्रँडची भाषा आधी समजून घ्यावी लागते. मॅकच्या शेडमध्ये एनसी ही अक्षरं सोनेरी-पिवळ्या झाकेच्या त्वचेसाठी असतात आणि एनडब्ल्यू गुलाबी झाकेसाठी. सी म्हणजे कूल असं धरून चालणाऱ्या बायका इथे नेमक्या उलट्या जातात. भारतात एनसी ४२ ची ओळख बरीच आहे, म्हणून इतर ब्रँडची शेड सांगतानाही लोक "एनसी ४२ सारखी" म्हणतात. हा धागा कामाचा आहे, पण आपली त्या मापातली शेड खात्रीने माहीत असेल तरच. नुसतं 'हनी', 'कॅरमल' या नावांवर जाऊ नका. एका ब्रँडचं हनी दुसऱ्याच्या बेजइतकं उजळ निघतं. वेबसाइटवरच्या रंगाच्या चौकोनावरही विश्वास नको, तो स्क्रीनगणिक बदलतो. खरेदीदारांनी चेहऱ्यावर लावून दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो शोधा. त्यातही जिची जुनी शेड तुमच्याइतकीच आहे आणि जिने ती सांगितली आहे, तिचे फोटो सर्वांत उपयोगी.

सील उघडलेली सौंदर्यप्रसाधनं सहसा परत घेत नाहीत, म्हणून पहिल्यांदा सर्वांत छोटी बाटली मागवावी. दाट फाउंडेशनपेक्षा पातळ स्किन टिंटमध्ये थोडी चूक खपते, कारण खालची त्वचा दिसत राहते. दोन शेडमध्ये अडकलात तर मी गडद घ्यायला सांगेन. फिकट शेडचा राखाडीपणा ब्लश-ब्रॉन्झरने लपत नाही.

बहिणीची नवी बाटली आली तेव्हा तीच दोन तासांची चाचणी पुन्हा केली. शेड मानेशी जवळपास जुळली, फक्त किंचित फिकी वाटत होती. जुनी तांबूस बाटली तिथे उपयोगी पडली. तळहातावर नव्याचे तीन थेंब आणि जुन्याचा एक. उन्हाळ्यात टॅन वाढला की जुन्याचे दोन.