चौघांत एक लॅपटॉप

हॉस्टेलच्या खोलीसाठी खेळ निवडताना त्याचे ग्राफिक्स सगळ्यात शेवटी बघावेत. आधी बघायचं ते हे की, खेळ पडदा कसा वाटून देतो. सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालतो, पण चौघं खेळायला बसले की पडद्याचे चार तुकडे होतात. 15.6 इंची लॅपटॉपवर प्रत्येकाच्या वाट्याला 7.8 इंच येतात, तेही पलंगावरून मान ताणून बघायचे. शिवाय लॅपटॉपला एकाच वेळी चार वेगळी दृश्यं रंगवावी लागतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर पंखा घोंघावायला लागतो आणि गाड्या अडखळतात. दोघांपुरता मात्र हा खेळ झकास.

बॉम्बस्क्वाडमध्ये सगळे एकाच मैदानात, एकाच कॅमेऱ्यासमोर बॉम्ब फेकत असतात. पडदा फाटत नाही, आठ जण खेळू शकतात आणि एक डाव काही मिनिटांत आटोपतो. खोलीत सहा जण आणि रिमोट चार असतील, तर हरलेल्यानं रिमोट पुढे द्यायचा, एवढा नियम पुरतो.

खरी भांडणं रिमोटवरून होतात. स्वस्तातला रिमोट लावल्यावर दिवा लागतो, पण खेळ त्याला ओळखतच नाही. बहुतेक वेळा रिमोट बिघडलेला नसतो. विंडोजमध्ये रिमोटशी बोलायच्या दोन पद्धती आहेत: जुनी डायरेक्टइनपुट आणि एक्सबॉक्स 360 सोबत आलेली एक्सइनपुट. बरेच नवे खेळ दुसरीच समजतात आणि स्वस्त रिमोट अनेकदा पहिलीत सुरू होतात. काही रिमोटवर मोड किंवा मधलं बटण काही सेकंद दाबून धरलं की पद्धत बदलते. ती सोय नसेल तर x360ce हा फुकटचा प्रोग्रॅम जुन्या रिमोटला एक्सबॉक्सचा मुखवटा चढवतो. तो नेट असतानाच उतरवून ठेवावा.

दोष कुठे आहे हे कळायला विंडोज आणि R ही बटणं एकत्र दाबून हे लिहावं:

```
joy.cpl
```

यादीत रिमोटचं नाव दिसलं, तर वायर आणि पोर्ट ठीक आहेत. प्रॉपर्टीजमध्ये गेल्यावर हात न लावताही फुली मधून सरकलेली दिसली, तर कांडी झिजली आहे, आणि तुमचा गडी आपोआप कड्यावरून खाली का चालत जातो त्याचं उत्तर तेच. एक्सइनपुटला चारच रिमोट चालतात, हेही पाचवा विकत घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

त्यापुढच्या खेळाडूंनी फोन काढावेत. बॉम्बस्क्वाडचं रिमोट ॲप फोनलाच रिमोट करतं. एका फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप आणि बाकीचे फोन त्याला जोडायचे; डेटा बंद असला तरी चालतं. ॲपमध्ये लॅपटॉपचं नाव दिसत नसेल, तर आधी विंडोजच्या फायरवॉलमध्ये खेळाला परवानगी आहे का ते तपासायचं.