ओहोटीची वेळ पाहिलीत, उंचीही पाहा

सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट जोराने ओढतो, तरी भरती-ओहोटीवर हुकमत चालते ती चंद्राचीच. कारण समुद्र फुगतो तो ओढीमुळे नव्हे, ओढीतल्या फरकामुळे. चंद्रासमोरचे पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त ओढले जाते आणि पलीकडचे कमी, म्हणून दोन्हीकडे फुगवटा येतो. सूर्य चंद्राच्या सुमारे ३९० पट लांब असल्याने त्याच्या ओढीत असा फरक कमी पडतो; भरतीतला त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमीच. अमावास्या-पौर्णिमेला हे दोन्ही जोर एका रेषेत येतात, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात, तो भांग.

कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहा. मग तक्ता कशाला, असे कोणी विचारील. हिशेब खरा आहे. चंद्रामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, तेच त्यात पकडले आहे. पण तो पाण्याची उंची सांगत नाही. तक्त्यात प्रत्येक वेळेपुढे मीटरमध्ये उंची असते, तीही तळापासून नव्हे, तर सागरी नकाशासाठी ठरवलेल्या नीचतम पातळीजवळच्या शून्यापासून मोजलेली.

मुंबईच्या तक्त्यात उधाणाच्या एका दिवशी सकाळी ६ वाजता ओहोटी ०.७ मीटर आणि दुपारी १२ वाजता भरती ४.५ मीटर आहे, असे धरू. फरक ३.८ मीटर. पाणी एकसारखे चढत नाही: पहिल्या दोन तासांत साधारण पाव भाग, मधल्या दोन तासांत निम्मा, शेवटच्या दोन तासांत उरलेला पाव. म्हणजे आठपर्यंत ते जेमतेम एक मीटर चढते, पण आठ ते दहा या दोन तासांत जवळपास दोन मीटर. अलिबागहून कुलाबा किल्ल्यात चालत गेलेला माणूस अडकतो तो याच वेळात. भांगाला मुंबईत ओहोटीच १.९ मीटरच्या आसपास थांबते. उधाणाच्या दिवशी सव्वाआठला असते तेवढे पाणी. तेव्हा तक्त्यात ‘ओहोटी’ लिहिलेली असली, तरी कालवे काढायचे खडक पाण्याखालीच राहतात. प्रवाहाच्या जोरावर चालणाऱ्या डोल जाळ्यालाही उधाणच मानवते.

तक्ता चुकतो, हा आक्षेपही रास्त आहे. तो चंद्र-सूर्याचा हिशेब मांडतो, वाऱ्याचा आणि हवेच्या दाबाचा नाही. दाब एक मिलिबारने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढते, शिवाय किनाऱ्याकडचा वारा त्यात भर घालतो. म्हणून पावसाळ्यात तक्त्यावर विसंबून किल्ल्याकडे चालत जाऊ नये. एरवी ओहोटीच्या तासभर आधी निघा, आणि पाणी परतायच्या आत किनारा गाठा.