120 हर्ट्झचा फोन, 60 फ्रेमचा खेळ

बारा-पंधरा हजारांच्या फोनच्या खोक्यावरही हल्ली '120 हर्ट्झ' असं ठळक छापलेलं असतं. कॉलेजातली मुलं तो आकडा बघून, खास बीजीएमआय खेळायला म्हणून फोन घेतात. मग घरी येऊन खेळाचं सेटिंग उघडतात, तर फ्रेम रेटच्या रांगेत 40 किंवा 60 च्या पुढचे पर्याय पुसट दिसतात, दाबले जात नाहीत. फोनमध्ये बिघाड नसतो आणि दुकानदारानंही फसवलेलं नसतं. खोक्यावरचा आकडा पडद्याचा असतो, खेळाचा नाही.

पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगतो, ते हर्ट्झमध्ये मोजतात. खेळ सेकंदाला किती नवी चित्रं तयार करून देतो, तो फ्रेम रेट, म्हणजे मुलांच्या भाषेत 'एफपीएस'. 120 हर्ट्झचा पडदा दर 8.3 मिलिसेकंदांनी चित्र बदलायला तयार असतो. खेळानं सेकंदाला 60 च चित्रं दिली, तर प्रत्येक चित्र पडद्यावर दोनदा दाखवलं जातं. पडद्यानं काम दुप्पट केलं तरी डोळ्यांना हालचाल 60 चीच दिसते.

फरक कुठे पडतो ते बघायचं असेल, तर बीजीएमआयच्या ट्रेनिंग ग्राउंडमध्ये उभं राहून नजर झटकन एका बाजूला वळवावी. अर्ध्या सेकंदात काटकोनात वळलात, तर 60 एफपीएसला त्या वळणात 30 चित्रं येतात, म्हणजे समोरचं झाड प्रत्येक चित्रात तीन अंशांची उडी मारतं. 120 ला हीच उडी दीड अंशाची होते. धावत्या शत्रूवर नेम धरताना हा दीड अंश जाणवतो. पत्त्यांच्या किंवा बुद्धिबळाच्या खेळात त्याचा काही उपयोग नाही.

बीजीएमआयमधली फ्रेम रेटची नावं चकवणारी आहेत. 'हाय' म्हणजे 30, 'अल्ट्रा' म्हणजे 40 आणि 'एक्स्ट्रीम' म्हणजे 60. 'अल्ट्रा' वाचून माणसाला वाटतं की फोन पूर्ण ताकदीने चालतोय, पण पडदा 120 चा असेल तर त्याचा तिसरा हिस्साच वापरात असतो. त्यावर 90 चा पर्याय आहे आणि 2024 पासून 120 चाही आहे. पण हे दोन्ही सगळ्यांना मिळत नाहीत. कोणत्या मॉडेलला किती द्यायचं, हे खेळ बनवणारी कंपनी ठरवते. प्रोसेसर तेवढा भार पेलतो का, हे बघून मॉडेल यादीत घेतलं जातं. म्हणून 120 हर्ट्झचे दोन फोन शेजारी ठेवले, तर एकात 120 चा पर्याय दिसतो आणि दुसरा 60 वर अडतो. शिवाय वरचे पर्याय बहुतेक फोनवर 'स्मूथ' या सर्वांत साध्या ग्राफिक्सबरोबरच उघडतात. सावल्या आणि गवताचे बारकावे हवे असतील, तर फ्रेम सोडाव्या लागतात. काही जण बाहेरचं अ‍ॅप घालून फोनचं मॉडेल खोटं सांगतात आणि पर्याय उघडतात. तसं करू नये. खातं बंद होऊ शकतं आणि प्रोसेसर तेवढा नसेल तर फ्रेम वाढतही नाहीत.

आकडा मोठा म्हणजे चित्र सुरळीत, हेही दरवेळी खरं नसतं. पडदा ठरलेल्या वेळी बदलतो. चित्र तयार व्हायला क्षणभर उशीर झाला, तर लोकल चुकलेल्या माणसासारखं त्याला पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. आता 40 एफपीएस घ्या. 120 हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चित्र बरोबर तीन फेऱ्या टिकतं, सारखं 25 मिलिसेकंद. तेच 60 हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र एक फेरी, पुढचं दोन फेऱ्या असं अडखळत जातं. म्हणजे 'अल्ट्रा'वर खेळणाऱ्यालाही 120 च्या पडद्याचा थोडा फायदा होतोच. उलट 90 एफपीएस 120 च्या पडद्यावर नीट बसत नाही. चार फेऱ्यांत तीनच चित्रं येतात, म्हणून दोन चित्रं 8.3 मिलिसेकंद आणि तिसरं 16.7 मिलिसेकंद टिकतं. फोन स्वतः 90 हर्ट्झवर उतरत असेल तर प्रश्न मिटतो, पण सगळे फोन उतरत नाहीत. अशा फोनवर स्थिर 60 मला डळमळत्या 90 पेक्षा बरे वाटतात.

कंपन्या मर्यादा घालतात त्यामागे मुख्य कारण उष्णता आहे. 120 एफपीएसला प्रोसेसरला प्रत्येक चित्रासाठी निम्माच वेळ मिळतो. फोन तापतो, मग स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. सुरुवातीला 120 दाखवणारा खेळ अर्ध्या तासानं 80-90 मध्ये हेलकावे खाऊ लागला, तर कारण हेच असतं. दुसरं कारण साधं आहे: बनवणाऱ्यानं ते सांगितलेलंच नसतं. असंख्य मोबाइल खेळ युनिटी या इंजिनावर बनतात आणि मोबाइलवर युनिटी आपणहून 30 एफपीएसच धरतं. त्यापुढे जायचं तर प्रोग्राममध्ये ही ओळ लिहावी लागते:

```
Application.targetFrameRate = 120;
```

ही ओळ नसेल, तर लाखाचा फोनही त्या खेळात 30 च दाखवणार.

एकाच खेळाचं वागणंही फोनगणिक बदलतं. 2020 साली आलेल्या गेनशिन इम्पॅक्टनं पुढच्याच वर्षी आयफोन 13 प्रो आणि आयपॅड प्रोवर 120 एफपीएस दिले, पण अँड्रॉइडवर त्यानंतरही कित्येक वर्षं 60 चीच मर्यादा राहिली. त्या काळात अँड्रॉइडवर गेनशिनसाठी 144 हर्ट्झचा फोन घेणाऱ्याला त्या आकड्यातून काहीच मिळालं नाही. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल निवडक फोनवर 120 पर्यंत जातो, पण मल्टिप्लेअरमध्ये मिळतात तेवढे फ्रेम बॅटल रॉयलच्या मोठ्या नकाशात मिळतीलच असं नाही. म्हणून 'हा खेळ 120 ला चालतो' असं कुणी म्हटलं की फोन कोणता आणि मोड कोणता, हे विचारावंच.

तपासताना एक चूक हमखास होते. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये Show refresh rate हा खटका आहे. तो चालू केला की कोपऱ्यात 120 दिसतं आणि लोक खूश होतात. पण तो आकडा पडद्याचा आहे. खेळ 60 देत असतानाही तो 120 दाखवू शकतो. खेळाचा आकडा हवा असेल, तर पिक्सेलचा गेम डॅशबोर्ड किंवा शाओमीचा गेम टर्बो यांसारख्या सोयींमधला एफपीएस मीटर लावावा आणि निदान अर्धा तास, एखाद्या गर्दीच्या सामन्यात, त्यावर नजर ठेवावी. काही फोनमध्ये 'फ्रेम इंटरपोलेशन' असतं. ते दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक चित्र स्वतः रचून घालतं. हालचाल मऊ दिसते, पण खेळाला बोटाची खबर लवकर लागत नाही, उलट मधलं चित्र रचण्यासाठी पुढच्या चित्राची वाट बघावी लागते. शूटिंगच्या खेळात ते बंदच ठेवावं. जाहिरातीतला 'टच सॅम्पलिंग 240 हर्ट्झ'ही वेगळा आहे. पडदा बोटाची जागा सेकंदाला किती वेळा तपासतो, एवढंच तो सांगतो.

अँड्रॉइड 15 पासून आणखी एक पायरी वाढली आहे. ज्या खेळानं स्वतः वेगळी मागणी केलेली नाही, त्याला सिस्टिमच 60 वर थांबवू शकते. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये Disable default frame rate for games हा खटका चालू केला की ही मर्यादा निघते. जुना आवडता खेळ नव्या फोनवर अचानक 60 वर आला असेल, तर हा खटका आधी बघावा. मात्र खेळानंच आपल्या प्रोग्राममध्ये 60 ठरवले असतील, तर त्याने काही होणार नाही. नवा फोन घेताना दुकानातल्या डेमो फोनवर आपला खेळ उघडून ग्राफिक्सचं पान बघू देतात का, ते विचारावं. तिथे 90 किंवा 120 दाबता येत असतील, तर पडद्याचे पैसे त्या खेळासाठी उपयोगी पडतील. दाबता येत नसतील, तर तेच पैसे जास्त ताकदीच्या प्रोसेसरवर घालावेत.