पॉडकास्टचे मुखचित्र नखाएवढेही वाचता यावे

पॉडकास्टचे मुखचित्र ३००० पिक्सेलचे चौकोनी दिले, तरी मोबाइलवरील यादीत ते नखाएवढेच दिसते. समजा, कार्यक्रमाचे नाव ‘मसाला बाजार’ आहे. चित्र काढणाऱ्या एआयला ‘गजबजलेला बाजार’ असे सांगितल्यास पोती, माणसे, दुकाने सारेच येते आणि लहान आकारात त्याचा नुसता गिचमिड काला होतो. त्याऐवजी असे लिहावे: ‘चौकोनी चित्र, फिकट पिवळी सपाट पार्श्वभूमी, वरच्या अर्ध्यात एकच मोठी लाल मिरची, खालचा अर्धा भाग रिकामा, अक्षरे नकोत.’ अक्षरे नकोत, कारण एआय देवनागरीतील मात्रा व जोडाक्षरे पुष्कळदा चुकवते. रिकाम्या जागी नाव आपणच जाड, गडद अक्षरांत दोन ओळींत टाकावे. शेवटी चित्र ५५ पिक्सेलपर्यंत लहान करून पाहावे. नाव वाचता आले नाही, तर मिरची लहान करून अक्षरे वाढवावीत.